झोपेतून उठलेलं लेकरू आईलाच ढकलतं तेव्हा

  एरवी मी तुमच्याशी बोलते ती बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्याबद्दल, नाहीतर गटाच्या नोंदवह्यांबद्दल. आज मात्र मी माझ्या घरातली एक गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. माझा लहाना तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता. एरवी तो दुपारी साडेबाराला झोपायचा आणि अडीचच्या आसपास आपला आपण उठायचा. पण त्या आठवड्यात आमचं सगळंच वेळापत्रक कोलमडलं होतं. शेतात माणसं होती, घरात पाहुणे होते. त्या दिवशी त्याला झोपवेपर्यंत अडीच वाजले. साडेतीनला गटाची मासिक बैठक होती आणि पुस्तकं माझ्याकडे होती. सव्वातीन वाजले तसं मी त्याला गाढ झोपेतून तसंच उचललं आणि ओल्या रुमालानं त्याचं तोंड पुसलं.

आधी तो नुसता कण्हल्यासारखा कुरकुरला. मग मिनिटभरात त्यानं जो टाहो फोडला, तो मी जन्मात ऐकला नव्हता. डोळे सताड उघडे होते, पण माझ्याकडे बघत असूनही तो मला बघत नव्हता. मी छातीशी धरलं तर त्यानं धनुष्यासारखी पाठ वाकवली. पाजायला घेतलं तर तोंड फिरवलं. "नको, नको, जा" असं म्हणत त्यानं मला दोन्ही हातांनी ढकललं. मी त्याची आई, आणि तो मलाच "जा" म्हणत होता.

आवाज ऐकून शेजारच्या दोघी-तिघी धावत आल्या. एकीनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. दुसरी म्हणाली, "अगं, बाहेरचं काहीतरी दिसतंय याला." सासूबाई मीठमोहऱ्या आणायला आत गेल्या. तिसरीनं त्याला माझ्याकडून घेऊन अंगणात नेलं, तिथून परत घरात आणलं. तो आणखीच पेटला. आणि मग मैत्रिणींनो, मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. रागानं नाही, घाबरून. पण घातला. वीस-पंचवीस मिनिटांनी तो एकाएकी शांत झाला. इकडेतिकडे बघितलं, माझ्या गळ्यात हात टाकला आणि बिस्कीट मागितलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत असं आणखी तीनदा झालं. गावात कुजबूज सुरू झाली. एका जाणत्याकडे न्यावं असं घरात ठरत होतं. त्याच सुमारास मुलं तपासायला डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत आलं. मी लहान्याला घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. धपाट्याचंही सांगितलं.

त्या डॉक्टरबाईंनी आधी मला विचारलं, "हे सुरू होतं तेव्हा तो झोपून किती वेळ झालेला असतो?" मी आठवून म्हटलं, "पाऊण तास असेल." मग त्यांनी विचारलं, "शांत झाल्यावर कसा असतो?" मी म्हटलं, "जसं काही झालंच नाही असा." त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा मुलगा त्या वेळी जागा नसतोच. तो झोपेतच असतो."

माझा विश्वास बसेना. डोळे उघडे, हातपाय चालू, तोंडानं बोलतोय, आणि झोपेत कसा? त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपली झोप सगळा वेळ सारखी नसते. ती कधी हलकी असते, कधी खोल. विहिरीत पायऱ्या उतरत जावं तसं लेकरू झोपल्यावर थोड्याच वेळात खोल तळाशी जातं आणि काही वेळ तिथेच असतं. मग हळूहळू वर येतं. लहान मुलांची ही खोल झोप आपल्यापेक्षा फार गाढ असते. म्हणून तर झोपलेलं मूल या घरातून त्या घरात नेलं तरी त्याला पत्ता लागत नाही. आता तळाशी असलेल्या माणसाला कुणी एकदम दोर लावून ओढलं तर काय होईल? अंग वर येतं, पण भान खालीच राहतं. मेंदूचा जो भाग हातपाय हलवतो, ओरडतो, तो जागा होतो. जो भाग आईला ओळखतो, कुठे आहोत ते समजतो, तो अजून झोपलेला असतो. ही अर्धवट जाग. डॉक्टर तिला कन्फ्युजनल अराउझल म्हणतात. लहान मुलांमध्ये ती बऱ्यापैकी आढळते. आई त्याला थांबवायला जाते तेव्हा त्याला आई कळत नाही, फक्त कुणीतरी आपल्याला धरतंय एवढंच कळतं. म्हणून ते ढकलतं. तो आईवरचा राग नसतो.

हे ऐकून माझ्या मनावरचा दगड उतरला. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला झोपेत चालायची, बोलायची सवय होती का?" मला माहीत नव्हतं. घरी येऊन सासूबाईंना विचारलं तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, तुझा नवराच लहानपणी झोपेत उठून गोठ्यात जाऊन उभा राहायचा. सकाळी विचारलं तर म्हणायचा, मी नाही गेलो." झोपेत चालणं आणि ही अर्धवट जाग एकाच कुळातली, आणि अशा गोष्टी बऱ्याचदा घराण्यात असतात. त्या दिवसापासून बाहेरच्या बाधेचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही, कारण खुद्द आजीनंच तो बंद केला.

आता प्रश्न असा की, त्या वेळी करायचं काय? डॉक्टरबाई म्हणाल्या, "जितकं कमी कराल तितकं चांगलं." हे ऐकायला सोपं आहे, पण आईच्या जिवाला फार अवघड आहे. म्हणून मी पुढच्या वेळी काय केलं तेच सांगते.

आठ दिवसांनी शेजारच्या अंगणात ट्रॅक्टर सुरू झाला आणि लहाना झोपेतून ओरडत उठला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पहिलं काम केलं ते नजरेनं बघायचं. अंथरुणावर, उशीखाली काही किडा, मुंगळा, विंचू नाही ना? अंगावर चावल्याची खूण, सूज नाही ना? बोटाला दोरा किंवा केस गुंडाळला गेला नाही ना? अंग तापलेलं नाही ना? याला अर्धं मिनिट लागलं. सगळं ठीक होतं.

मग मी त्याला उचललं नाही. तो पाळण्यात किंवा खाटेवर असता तर पडू नये म्हणून खाली घेतला असता, पण तो खाली गोधडीवरच होता. मी जवळचा लोखंडी डबा बाजूला सरकवला, भिंतीच्या बाजूला उशी लावली आणि हातभर अंतरावर बसले. दार ओढून घेतलं. आलेल्या शेजारणीला हातानंच थांबायची खूण केली. मधूनमधून हळू आवाजात एवढंच म्हणत होते, "मी इथे आहे, झोप." त्याला हलवलं नाही, पाणी मारलं नाही, "काय झालं, काय झालं" असं विचारलं नाही. एकदा त्याच्या पाठीवर हात ठेवून बघितला. त्यानं झटकला, तसा मी काढून घेतला. तो उठून दाराकडे चालायला लागला तेव्हा मी फक्त उंबऱ्यापाशी आडवी बसले, म्हणजे तो पायरीवरून पडू नये.

दोन वाजून एकोणीस मिनिटांनी त्याचा आवाज उतरला. तो आपणहून आला, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि परत झोपला. फक्त नऊ मिनिटं. आधीच्या वेळी पंचवीस लागली होती. माझी खात्री आहे की आधीची पंधरा मिनिटं आमच्या सगळ्यांच्या धावपळीनं वाढवली होती.

साधारणपणे ही अवस्था पाच ते पंधरा मिनिटं टिकते, कधी अर्धा तासही चालते. ती आपली आपण संपते. त्याच्या आत जबरदस्तीनं जागं करायला गेलं की मूल आणखी बिथरतं. त्यातल्या काही गोष्टी तर धोक्याच्या आहेत, त्या नीट ऐका. मुलाला गदागदा हलवू नका, लहान मुलाच्या मेंदूला त्यानं इजा होऊ शकते. तोंडात पाणी, दूध, गुटी, औषध काहीही घालू नका, भान नसलेल्या मुलाला ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. मिरचीचा किंवा कशाचाही धूर नाकाशी धरू नका. आजींना दृष्ट काढायचीच असेल तर मूल शांत होऊन खेळायला लागल्यावर काढू द्या. त्यानं आजींचंही समाधान होतं आणि लेकराला त्रासही होत नाही. आणि मूल शांत झाल्यावर त्याला "तू असा काय रडत होतास" असं सारखं विचारू नका. त्याला ते आठवतच नाही, विचारून फक्त झोपेची भीती बसते.

आता मैत्रिणींनो, एक फार महत्त्वाची गोष्ट. झोपेतून रडत उठणारं प्रत्येक मूल अर्धवट जागंच असतं असं नाही. काही वेळा दुखणंही असतं, आणि तिथे वाट बघत बसून चालत नाही. फरक कसा ओळखायचा?

दुखणारं मूल बहुतेक वेळा आईला ओळखतं, चिकटतं, आणि पूर्ण जागं झालं तरी रडत राहतं. कान दुखत असेल तर कानाकडे हात नेतं, ताप असतो. वाईट स्वप्न पडलेलं मूलही पूर्ण जागं असतं, आईच्या कुशीत शिरतं आणि जवळ घेतलं की शांत होतं. अशा मुलाला अर्थातच जवळ घ्यायचं. अर्धवट जागं झालेलं मूल मात्र आईला दूर लोटतं आणि शांत झाल्यावर अगदी नेहमीसारखं होतं. खेळतं, खातं, नाहीतर झोपतं. ही त्याची मोठी खूण.

मूल थांबून थांबून कळवळत असेल, पाय पोटाशी घेत असेल, मधल्या वेळात निस्तेज पडत असेल, उलट्या होत असतील किंवा शी लालसर, रक्तमिश्रित होत असेल, तर आतड्याचा गंभीर आजार असू शकतो. लगेच दवाखाना. रडणं चालू असताना दरदरून घाम, हातपाय थंडगार, उलट्या असं दिसलं तर विंचू चावल्याची शंका घ्या आणि वेळ न घालवता निघा. अंग ताठ झालं, हातपायाला एका लयीत झटके येत असतील, डोळे वर किंवा एका बाजूला फिरले, ओठ निळे पडले, तर ती फिट आहे. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट काही घालू नका, कांदा हुंगवू नका आणि १०८ ला फोन करा. आणि झोपण्याआधी मूल पडलं असेल, डोक्याला मार लागला असेल, तर नंतरच्या अशा रडण्याला नुसती झोपेतली जाग समजू नका.

याशिवाय तीन गोष्टी असतील तर घाई नाही, पण डॉक्टरांना दाखवायचं. रडणं अर्ध्या तासाच्या पुढे जात असेल. असं एका रात्रीत अनेकदा किंवा जवळजवळ रोज होत असेल. किंवा मूल झोपेत मोठ्यानं घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, मध्येच श्वास अडकत असेल. घशातल्या गाठी वाढल्यानं श्वास अडला की झोप पुन्हा पुन्हा मोडते आणि अशी अर्धवट जाग येते. डॉक्टरांकडे जाताना एक सोपी गोष्ट करा. घरातल्या कुणालातरी त्या वेळचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. आपण शंभर शब्दांत सांगतो त्यापेक्षा एका मिनिटाच्या व्हिडिओत डॉक्टरांना जास्त कळतं.

आता हे मुळात टाळता येतं का? पुष्कळसं येतं. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं की पंधरा दिवस लिहून ठेवा. नोंदवही लिहायची तर मला सवयच. गटाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी चार रकाने आखले. रात्री किती वाजता झोपला, सकाळी किती वाजता उठला, दुपारी किती ते किती झोपला, आणि आपण उठला की उठवला. आधीच्या दिवसांचंही आठवेल तेवढं लिहिलं.

हिशोब लिहून झाला आणि माझ्या लक्षात आलं की हे तर सरळसरळ थकलेलं खातं आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. काढणीच्या दिवसांत लहाना रात्री दहाला झोपत होता आणि गडबडीनं सहाला उठत होता. म्हणजे आठ तास. दुपारी मी त्याला पाऊण तासात उठवत होते. म्हणजे सगळी मिळून पावणेनऊ तास. रोज निदान सव्वादोन तासांची तूट, आणि ती दिवसेंदिवस साचत होती. झोपेची अशी थकबाकी असलं की मूल झोपल्यावर आणखी खोल जातं, जणू वसुली करतं. आणि मी त्याला नेमकं त्या तळाशी असतानाच ओढून काढत होते. चारपैकी तीन वेळा मीच त्याला पाऊण तासाच्या आसपास उठवलं होतं. चौथ्या वेळी त्याला ताप होता. तापातही असं होतं.

मग मी तीन बदल केले. काहीही झालं तरी त्याला एकच्या आत झोपवायचं, डोळे चोळेपर्यंत थांबायचं नाही. रात्रीचं झोपणं दहावरून नऊच्या आत आणलं. आणि दुपारी त्याला उठवायचं नाही, उठू द्यायचं. अगदीच उठवायची वेळ आली तर उचलायचं नाही. दार उघडून उजेड येऊ द्यायचा, घरातले नेहमीचे आवाज होऊ द्यायचे आणि तो कूस बदलेपर्यंत, स्वतः हालचाल करेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं. मग हळूच पायावरून हात फिरवायचा. म्हणजे तो स्वतःच्या पायऱ्यांनी वर येतो.

राहिली गटाची बैठक. मी गटात सगळं सांगितलं. आमच्या चौदा जणींपैकी पाच जणींच्या घरात लहान मुलं होती आणि त्यातल्या दोघींनी सांगितलं की त्यांच्याकडेही असं होतं, पण लोक काय म्हणतील म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. त्यातल्या एकीनं मुलीच्या दंडाला दोरे बांधून आणले होते. ठराव घालून आम्ही बैठक साडेतीनऐवजी साडेचारला केली. वहीत लिहायला तो साधा ठराव होता, पण त्यानं पाच लेकरांची दुपारची झोप वाचली.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत लहान्याला असं दोनदाच झालं. एकदा लग्नाहून रात्री उशिरा आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि एकदा सर्दी-तापात. डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं की वय वाढेल तसं हे बहुतेक मुलांत आपोआप कमी होत जातं. आता तो पावणेचार वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून एकदाही झालेलं नाही.

शेवटी एक सांगते. तुमच्या शेजारी असं लेकरू रडायला लागलं तर धावत जरूर जा. पण आत गेल्यावर त्या आईच्या हातातून मूल घेऊ नका. चुलीवर काही उतू जात असेल तर ते उतरवा, दुसरं मूल असेल तर त्याला बाहेर न्या, दारातली गर्दी हटवा आणि तिच्याजवळ गप्प बसा. त्या दहा मिनिटांत तिला ढकलणारं लेकरू थोड्या वेळानं तिच्याच गळ्यात पडणार आहे. तोवर तिला धीर द्यायला कुणीतरी जवळ हवं असतं.